टी सेक्शन: एकाच गणिताची तीन उत्तरं, शेप फॅक्टर नक्की किती?

सायली_बडोदे

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनमधल्या एका गणितावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस वाद चाललाय.

टी सेक्शन आहे. वर फ्लँज १०० × १० मिमी, खाली वेब १५० × १० मिमी, म्हणजे एकूण उंची १६०. स्टील २५० चं. प्लास्टिक मोड्युलस आणि शेप फॅक्टर काढायचाय.

इलास्टिक भागावर सगळ्यांचं एकमत आहे: सेंट्रॉइड वरून ५३ मिमीवर आणि मोमेंट ऑफ इनर्शिया ६६,६०,८३३. त्यापुढे मात्र प्रत्येकाची वाट वेगळी. एकाचा शेप फॅक्टर १.७९, दुसरीचा १.८४ आणि तिसऱ्याचा ०.८९. न्यूट्रल ॲक्सिस कोणी ५३ वर धरलाय, कोणी ३५ वर.

बरोबर उत्तर कोणतं एवढंच सांगू नका प्लीज. बाकीची दोन नेमकी कुठे घसरली ते समजून घ्यायचंय, कारण व्हायव्हात तेच विचारतात.

---

ओंकार_पी

१.७९ बरोबर आहे. प्लास्टिक न्यूट्रल ॲक्सिस सेंट्रॉइडमधून जात नाही, तो क्षेत्रफळाचे दोन समान भाग करतो. एकूण २५०० चौ. मिमी, अर्धे १२५०. फ्लँजमध्ये १००० गेले, उरलेले २५० वेबमध्ये, म्हणजे २५ मिमी खाली. वरून ३५.

एक युक्ती लक्षात ठेव: टीमध्ये हा अक्ष नेहमी वेबमध्येच येतो. त्यामुळे थेट फ्लँजच्या खालून मोजायला सुरुवात करायची, वेळ वाचतो.

१.८४ वाल्यांनी सेंट्रॉइडभोवतीच मोमेंट घेतलाय. पण फरक तीन टक्क्यांचा आहे, तोही सेफ साइडला असणार, म्हणून फार मनावर घेऊ नका. ०.८९ वाल्याने अक्ष कुठेतरी भलतीकडेच धरला असेल.

---

जुना_डिझायनर

ओंकार, समान क्षेत्रफळाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पुढची तिन्ही विधानं मात्र दुरुस्त करायला हवीत, आणि सायलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

आधी हिशेब पुरा करू. अक्ष वरून ३५ वर. फ्लँजचा मध्य अक्षापासून ३० मिमी, म्हणून १००० × ३० = ३०,०००. अक्षाच्या वरचा वेबचा तुकडा २५० × १२.५ = ३,१२५. खालचा वेब १२५ मिमी लांब, १२५० × ६२.५ = ७८,१२५. बेरीज १,११,२५० घन मिमी. हा प्लास्टिक मोड्युलस. आकडे बघा, सत्तर टक्के वाटा वेबच्या खालच्या भागाचा आहे.

आता ०.८९. या मुलाचा अक्ष चुकलेला नाही, त्याचेही १,११,२५० बरोबरच आले असणार. त्याने भागाकार चुकीच्या आकड्याने केलाय. असमान सेक्शनला इलास्टिक मोड्युलस दोन असतात. वरच्या कडेचा ६६,६०,८३३ भागिले ५३, म्हणजे १,२५,६७६. खालच्या टोकाचा ६६,६०,८३३ भागिले १०७, म्हणजे ६२,२५१. त्याने पहिला घेतला. पण यील्ड आधी कुठे होणार? अक्षापासून लांब आहे तिथे, म्हणजे वेबच्या खालच्या टोकाला. तिथे २५० पोचतात तेव्हा फ्लँजच्या वरच्या कडेला जेमतेम १२४ असतात. म्हणून भागायचं ६२,२५१ ने, आणि उत्तर १.७९. उत्तर एकापेक्षा कमी आलं की पुढे जाऊच नये. एकापेक्षा कमी म्हणजे सेक्शन पूर्ण यील्ड होण्याचा मोमेंट पहिल्या यील्डच्या मोमेंटपेक्षा लहान, आणि असं होऊ शकत नाही.

१.८४ ची गोष्ट जास्त महत्त्वाची. सेंट्रॉइडभोवती क्षेत्रफळांचे मोमेंट घेतले की १,१४,४९० येतात. पण ५३ वर रेघ मारली तर वर १४३० चौ. मिमी राहतात आणि खाली १०७०. सगळीकडे २५० चा स्ट्रेस धरला की कॉम्प्रेशन बाजू ३६० चौ. मिमीने जड, म्हणजे ९० किलोन्यूटनचं निव्वळ बल शिल्लक राहतं. बीमला आडवा दाब कोणी दिलेलाच नाही, मग हे ९० किलोन्यूटन आले कुठून? संतुलन बसतच नाही, म्हणून ती स्थिती खोटी.

आणि फरक सेफ साइडला नाही, उलट बाजूला आहे. रेघ ५३ वर असताना ती १ मिमी वर सरकवा. वरच्या १४३० चौ. मिमीचं अंतर १ मिमीने घटतं, खालच्या १०७० चं तेवढंच वाढतं. बेरीज साधारण ३६० ने कमी होते. असं सरकवत गेलात की दोन्हीकडे १२५० झाल्यावर बेरीज घटायची थांबते. म्हणजे समान क्षेत्रफळाच्या रेघेवर ही बेरीज सर्वांत लहान असते, आणि दुसरीकडे कुठेही रेघ मारलीत तरी मोड्युलस फुगून येतो. यातून ताळा करायची चांगली रीत मिळते. शंका आली की रेघ दोन मिमी वर आणि दोन मिमी खाली नेऊन बेरीज करा. कुठल्याही बाजूला आकडा घटला तर अक्ष चुकलाय.

"नेहमी वेबमध्ये" याबद्दल सायली, तू हे करून बघ: फ्लँज १५० × १०, वेब ९० × १०.

---

सायली_बडोदे

काका, केलं. फ्लँज १५००, वेब ९००, एकूण २४००, अर्धे १२००. आणि फ्लँजच एकटा १५०० चा! म्हणजे अक्ष फ्लँजमध्येच, १२०० भागिले १५०, वरून ८ मिमीवर.

मग फ्लँजचे दोन तुकडे केले. वरचा १२०० × ४ = ४८००. खालची २ मिमीची पट्टी ३०० × १ = ३००. वेब ९०० × ४७ = ४२,३००. एकूण ४७,४००. सेंट्रॉइड २३.७५ वर येतो, म्हणजे इलास्टिक अक्ष वेबमध्ये आणि प्लास्टिक अक्ष फ्लँजमध्ये. शेप फॅक्टर १.७८.

ती २ मिमीची पट्टी मी आधी सोडूनच देणार होते, पण क्षेत्रफळ दोन्हीकडे १२०० भरेना म्हणून सापडली.

---

जुना_डिझायनर

शाब्बास. म्हणून पहिला प्रश्न कायम एकच: फ्लँजचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून जास्त की कमी? त्यावर अक्ष कुठल्या भागात ते ठरतं. दोन्ही बरोबर निम्मे असतील तर अक्ष जोडावर.

---

ओंकार_पी

मान्य, काका. आमच्या पुस्तकातली सगळी उदाहरणं वेबमधलीच होती.

पण मग टी भलताच फायद्याचा झाला की! आय सेक्शनचा शेप फॅक्टर १.१२ ते १.१५ च्या आसपास, आयताचा १.५, आणि याचा १.७९. पहिला यील्ड १५.६ किलोन्यूटन-मीटरला आणि पूर्ण ताकद २७.८ ला. जवळजवळ ऐंशी टक्के ताकद फुकटात.

---

मकरपुरा_फॅब

मंडळी, मला गणितातलं फार कळत नाही, पण टी दिसला म्हणून लिहितो. मकरपुरा जीआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. एका शेडच्या लोडिंगच्या दारावर छज्जा केलाय. कॉलमला टी वेल्ड करून साधारण सव्वा मीटर बाहेर काढलेत, वरून पत्रा. दोन पट्ट्या जोडून टी केला: आडवी ७५ × ६, उभी १०० × ६. आडवी पट्टी वर ठेवली, म्हणजे पर्लिन टेकवायला सोपं.

एका टीची उभी पट्टी कॉलमपाशी खालच्या कडेला बाजूला वळलीय. फुगवटा हाताला लागतो, रंग तिथे तडकलाय आणि खालचा काळा पापुद्रा निघून आलाय. वेल्ड शाबूत आहे, मी बघितलं. डिझाइन दुसऱ्याने करून दिलं होतं, त्यात टीला १.८ पट ताकद धरलीय असं तो म्हणाला होता. तोच का हा शेप फॅक्टर? आणि छज्जा पुढे थोडा झुकलायही, तर हा मोड्युलस वाढवला तर झोल कमी होईल का?

---

रसिका_एस

दादा, आधी त्या टीखाली टेकू लावा आणि दाराखालची ये-जा थांबवा. बाकीचं मग बोलू.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. झोल मोमेंट ऑफ इनर्शियावर अवलंबून असतो, प्लास्टिक मोड्युलसचा त्याच्याशी संबंध नाही. पट्टी वळल्यामुळे झुकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तो झोल नव्हे, तो सेक्शनच निकामी होतोय.

पहिला प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जातो. वर जे १,११,२५० काढले त्यात एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येक कण यील्डपर्यंत पोचेल आणि पोचल्यावरही जागेवर टिकून राहील. टेन्शनमधली पट्टी टिकते. कॉम्प्रेशनमधली पातळ पट्टी यील्ड पसरायच्या आधीच बाजूला वळते.

सायलीच्या गणितात बीम दोन्ही टोकांना टेकलेला आणि फ्लँज वर, असं धरलं तर कॉम्प्रेशन फ्लँजमध्ये आणि वेबच्या वरच्या २५ मिमीतच आहे. फ्लँजचा बाहेर आलेला भाग जाडीच्या पाचपट, तो वळत नाही. बाकी सगळी वेब ओढीत. तिथे प्लास्टिक मोमेंटची गोष्ट करता येते.

तुमचा छज्जा कँटिलिव्हर आहे. तिथे वरची बाजू ओढीत आणि खालची दाबात, म्हणजे दाब नेमका उभ्या पट्टीच्या मोकळ्या कडेवर येतो. आणि सगळ्यात जास्त कॉलमपाशी, जिथे तुम्हाला फुगवटा लागला. १०० भागिले ६ म्हणजे सोळा-सतरा. आयएस ८००:२००७ च्या वर्गीकरणात टीच्या उभ्या भागासाठी प्लास्टिकची मर्यादा ८.४, कॉम्पॅक्टची ९.४ आणि सेमी-कॉम्पॅक्टची १८.९ आहे, २५० च्या स्टीलला. तुमची पट्टी सेमी-कॉम्पॅक्टमध्ये बसते. म्हणजे टोक यील्ड होईपर्यंतच भरवसा, इलास्टिक मोड्युलसच वापरायचा. तो रकानाही रोल्ड किंवा आय कापून काढलेल्या टीचा आहे. दोन पट्ट्या वेल्ड केल्या की वेल्डच्या उष्णतेने पट्टी आधीच थोडी वाकडी असते, म्हणून मी तरी आणखी हात राखूनच धरेन. अशा जागी १.८ लावणं चूकच.

---

मकरपुरा_फॅब

टेकू लावला ताई. मग टी उलटा केला तर? आडवी पट्टी खाली, उभी वर.

---

रसिका_एस

पत्र्याच्या वजनाला आणि माणूस वर चढला तर त्याला, उलटा टी चांगला. दाब फ्लँजवर येतो. पण छज्जाला वारा खालून वर उचलतो. तेव्हा सगळं उलटं होतं आणि दाब पुन्हा उभ्या पट्टीच्या कडेवर. पत्रा हलका असतो, त्यामुळे उचल वजनावर मात करू शकते. ती तपासल्याशिवाय उलटवू नका. त्यापेक्षा कॉलमपाशी खालून त्रिकोणी प्लेट देता आली तर मोमेंट जिथे जास्त आहे तिथेच उंची वाढते. पण ही प्लेटही दाबातच असणार, तिची मोकळी कड पुन्हा तशीच वळू नये म्हणून जाडी बघून घ्यावी लागेल. जागेवर येऊन बघणाऱ्या इंजिनिअरकडून काढून घ्या, इथे बसून मी माप सांगणार नाही.

---

सायली_बडोदे

मला एक अजून कळत नाहीये. अक्ष ५३ वरून ३५ वर जातो म्हणजे तो खरंच सरकतो का? की दोन वेगळ्या पद्धतींची दोन उत्तरं आहेत?

---

जुना_डिझायनर

खरंच सरकतो. पहिल्या यील्डपर्यंत ५३ वर स्थिर असतो. मग वेबचं टोक २५० वर अडकतं. बीम अजून वाकवला तर टोकाचा स्ट्रेन वाढतो पण स्ट्रेस वाढत नाही. वरच्या बाजूला मात्र अजून १२४ च आहेत, तिथे स्ट्रेस वाढतच राहतो. ओढीची बाजू मागे पडायला लागते. दोन्ही बलं समान राहायला हवीत, म्हणून अक्ष वर सरकून आणखी वेब ओढीत घेतो. यील्ड खालून वर चढत जातं, बऱ्याच वेळाने फ्लँजही यील्ड होतो, आणि अक्ष ३५ कडे येतो.

हाताने बघायचं असेल तर जाड पुठ्ठ्याचा याच मापाचा टी काप. पट्टीच्या धारेवर आडवा तोल साध, तोल ५३ वर साधेल. मग ३५ च्या रेघेवर कात्रीने कापून दोन तुकडे मांडवीतल्या एखाद्या सोनाराच्या काट्यावर ठेव. वजन सारखं भरेल. तोल साधताना अंतर मोजलं जातं, कापताना फक्त क्षेत्रफळ.

---

रसिका_एस

ओंकार, तुमच्या "फुकटात ऐंशी टक्के" बद्दल राहिलं होतं.

कॉम्प्रेशनची अडचण नसलेला सायलीचाच बीम घ्या. प्लास्टिक मोड्युलसने डिझाइन मोमेंट १,११,२५० × २५० ÷ १.१, म्हणजे २५.३ किलोन्यूटन-मीटर. लोड फॅक्टर १.५ काढला की रोजच्या वापरातला मोमेंट १६.९. आणि पहिला यील्ड तर १५.६ लाच होतो. म्हणजे सगळं नियमात असूनही रोजच्या लोडखाली वेबचं टोक यील्ड झालेलं असणार, आणि लोड काढला तरी बीम थोडा वाकलेलाच राहणार.

हे टाळायला कोडने मर्यादा घातलीय: डिझाइन मोमेंट साध्या टेकलेल्या बीमला १.२ × इलास्टिक मोड्युलस × २५० ÷ १.१ च्या वर नको. इथे तो १७.० येतो. वापरातला ११.३, टोकाला स्ट्रेस १८२ च्या आसपास. आय सेक्शनचा शेप फॅक्टर १.२ च्या आतच असतो, त्यामुळे त्याला ही मर्यादा बहुतेक वेळा आडवी येत नाही. टीला मात्र हीच निर्णायक ठरते. १.७९ मधले फक्त १.२ हाताला लागतात.

---

ओंकार_पी

मग एवढा प्लास्टिक मोड्युलस काढायचा कशाला, जर शेवटी इलास्टिकच्या १.२ पटीवरच थांबायचं असेल तर?

---

जुना_डिझायनर

कारण पहिल्या यील्डनंतर बीम लगेच कोसळत नाही, हे त्या १.७९ मधून कळतं. ती राखीव ताकद आहे. अपघाती लोड आला तर ती कामाला येते आणि बीम आधी डोळ्यांना दिसेल इतका वाकून इशारा देतो. रोजच्या लोडसाठी ती खर्चायची नाही, इतकाच कोडचा अर्थ मी घेतो. आणि वरच्या छज्जासारखी पट्टी आधी वळली तर ही राखीव ताकद मिळतच नाही.

---

सायली_बडोदे

रसिकाताई, कँटिलिव्हरला पण १.२ च का? आणि आमच्या पुढच्या गणितात हाच टी दोन स्पॅनवर सलग आहे, मधल्या आधारावर. तिथे काय धरायचं?

---

रसिका_एस

कँटिलिव्हरला १.५ दिलंय. सलग बीमचं त्या वाक्यात काहीच नाही. मी १.२ धरते. तसंही मधल्या आधारावर मोमेंट उलटतो आणि तुमची वेब दाबात जाते, १५० भागिले १०, पंधरा. म्हणजे तिथे प्लास्टिकचा प्रश्नच उरत नाही.

---

जुना_डिझायनर

वेबबद्दल रसिकाशी पूर्ण सहमत. पण १.२ बद्दल नाही. सलग बीममध्ये एका ठिकाणी थोडा यील्ड झाला तर मोमेंट दुसरीकडे सरकतो, बीम तेवढा वाकून राहत नाही. दाबातला भाग पुरेसा जाड असलेल्या सेक्शनला मी तिथे १.५ पर्यंत जाईन.

---

रसिका_एस

मोमेंट सरकायला आधारावरचा सेक्शन यील्ड होऊन वळत राहिला पाहिजे. एवढा जाड वेब असलेला टी प्रत्यक्ष कामात मिळतोच कुठे? कोडमध्ये लिहिलेलं नसताना १.५ मी माझ्या सहीखाली जाऊ देणार नाही. सायली, तुझ्या गणितात आधारावर इलास्टिक मोड्युलस घे, स्पॅनमध्ये १.२ ची मर्यादा तपास, आणि असं का केलं ते एका ओळीत लिही. सर वेगळं म्हणाले तर त्यांचं कारण इथे टाक.